पोर्टलवरची सरकारी ऑर्डर: बिल कसं करायचं आणि खर्च किती येतो?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठाणं. तहसील, पंचायत समिती आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच असल्यामुळे बाजारपेठेतल्या बऱ्याच दुकानांना सरकारी खरेदीची सवय आहे. आश्रमशाळेला कपाटं हवीत, कार्यालयाला खुर्च्या हव्यात, की तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, लेटरहेडवर ऑर्डर द्यायची आणि माल पोचला की दुकानाच्या बिलबुकातलं बिल लावायचं, अशी जुनी रीत होती. महाराष्ट्राच्या उद्योग विभागाने ऑगस्ट 2017 मध्ये शासन निर्णय काढून सरकारी कार्यालयांना केंद्राच्या जेम पोर्टलवरून खरेदी करायला सांगितलं, तेव्हापासून ही रीत बदलली. हे पोर्टल 9 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झालं. त्याचा पत्ता gem.gov.in.

यापुढे ऑर्डर फक्त पोर्टलवरून निघेल, पुरवठादारांनी नोंदणी करावी आणि बिल ठरलेल्या नमुन्यातच द्यावं, अशी सूचना हातात पडली की दुकानदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. नोंदणीला काहीही लागत नाही. पैसे जातात ते नमुन्यात न बसणाऱ्या बिलामुळे, कारण असं बिल परत येतं आणि तेवढे दिवस तुमचं भांडवल अडकून पडतं. म्हणून नोंदणीचं थोडक्यात सांगून बिलाचं सविस्तर सांगते.

विक्रेता म्हणून नोंदणी मोफत आहे. पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, जीएसटी क्रमांक, बँक खातं आणि एक ई-मेल एवढं हाताशी ठेवा. मालकीच्या दुकानाला मालकाचाच पॅन चालतो. सह्या आधारच्या ओटीपीवर होतात, त्यामुळे जेमसाठी डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन विकत घ्यावं लागत नाही. ते लागतं mahatenders.gov.in या राज्याच्या निविदा पोर्टलवर. जेमच्या नावाखाली ते कुणी गळ्यात मारत असेल, तर तुम्ही निविदा भरणार आहात का, हे आधी ठरवा. उद्यम नोंदणीसुद्धा udyamregistration.gov.in वर मोफत होते. नोंदणी करून देणाऱ्या एजंटाला दिलेले पैसे ही त्याच्या कामाची मजुरी असते. ती सरकारी फी आहे असं तो सांगत असेल, तर ते खरं नाही. पोर्टल अनामत मागत असेल, तर ती आपल्या खात्यातून थेट पोर्टलवरच भरायची. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो नंबर एजंटाचा देऊ नका. पुढे प्रत्येक बिलावरची सही त्याच नंबरवरून होते, म्हणजे तुमच्या दुकानाची सही दुसऱ्याच्या खिशात राहते.

ऑर्डर मिळाल्यावर पोर्टल स्वतःचं शुल्क घेतं, पण ऑगस्ट 2024 पासून 10 लाख रुपयांपर्यंतच्या ऑर्डरवर ते शून्य आहे. त्याच्या वर, 10 कोटींपर्यंत, 0.30 टक्के. घोडेगावच्या दुकानदाराच्या बहुतेक ऑर्डरी पहिल्याच मर्यादेत बसतात.

आता एक ऑर्डर घेऊन चालू. समजा, प्रकल्प कार्यालयाने 20 लोखंडी कपाटं मागवली आणि ती डोंगरकुशीतल्या आश्रमशाळांवर पोचवायची आहेत, काही शिनोलीच्या पुढे, काही पार आहुप्याच्या बाजूला. कपाटाचा एचएसएन कोड 9403, जीएसटी 18 टक्के. दुकानदाराला एक कपाट करापूर्वी 12,000 रुपयांना पडतं आणि त्याला ते करापूर्वी 14,000 ला विकायचं आहे.

इथेच पहिली चूक होते. जेमवर दर सगळं धरून द्यायचा असतो, म्हणजे कर आणि खरेदीदाराच्या दारापर्यंतची पोच त्यातच येते. दुकानात बोलायची सवय गोल आकड्यांची. 14,000 वर 18 टक्के म्हणजे साडेसोळा हजाराच्या आसपास, म्हणून दुकानदार पोर्टलवर 16,500 टाकतो. ऑर्डर येते 3,30,000 रुपयांची. मग तो आपल्या संगणकावर बिल करायला बसतो. 16,500 मधून कर मागे काढला की मूळ दर येतो 13,983.05. त्याला 20 ने गुणलं की 2,79,661.00, त्यावर कर 50,338.98 आणि बेरीज 3,29,999.98. ऑर्डर आणि बिल यांत दोन पैशांचा फरक पडला. हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण ऑर्डरची रक्कम एक, बिलाची दुसरी, पोर्टलच्या बिलाची तिसरी असे तीन कागद एकत्र लागले की बिल तपासणारा लिपिक शेरा मारतो आणि फाइल परत फिरते.

उपाय दर भरतानाच करायचा. आधी मूळ दर गोल ठरवा, मग त्यावर कर चढवा आणि जो आकडा येईल तोच पोर्टलवर टाका. 14,000 अधिक 2,520 म्हणजे 16,520. 20 कपाटांचे 3,30,400. मूळ किंमत 2,80,000, केंद्राचा जीएसटी 25,200, राज्याचा 25,200. कुठे पैसा उरत नाही, कुठे कमी पडत नाही. 16,520 हा आकडा दिसायला ओबडधोबड आहे, पण बिलात तो सरळ बसतो.

पुढचा टप्पा म्हणजे दोन बिलं. बरेच जण इथे गोंधळतात. एक बिल तुमचं स्वतःचं, जीएसटी कायद्याप्रमाणे केलेलं कर बीजक. दुसरं पोर्टलवर तयार होतं. पोर्टलवर बिल तयार करताना तुमच्या बिलाचा क्रमांक, तारीख, नग आणि वाहतुकीचा तपशील भरायचा असतो, आणि तुमचं बीजक तिथे चढवायचं असतं. दोन्हींतला क्रमांक आणि तारीख एकच हवी. आज पोर्टलवर बिल केलं आणि दुकानातलं बिल परवा छापलं, की तारखा वेगळ्या पडल्या. म्हणून आधी दुकानातलं बिल करा, ते समोर ठेवा आणि मग पोर्टल उघडा.

स्वतःच्या बिलात काय असावं, हे जीएसटी नियमांतला 46 वा नियम सांगतो. नाव, पत्ता, दोघांचे जीएसटी क्रमांक, मालाचं वर्णन, एचएसएन, नग, मूळ किंमत, कराचा दर आणि रक्कम, सही, हे सगळं बहुतेक बिलांत असतं. बिल अडतं ते काही ठराविक जागी. बिल क्रमांक 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. दुकानाचं पूर्ण नाव, गाव, वर्ष असं सगळं क्रमांकात कोंबलं की तो लांबतो. `SHREE/GHOD/2025-26/0007` हा क्रमांक 23 अक्षरांचा होतो, म्हणून चालणार नाही. `GHD/25-26/0007` हा 14 अक्षरांचा, तो चालतो. क्रमांक आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. सरकारी बिलांसाठी वेगळं बिलबुक ठेवत असाल, तर त्याची सुरुवातीची अक्षरं वेगळी ठेवा, म्हणजे दोन बुकांत एकच क्रमांक पडणार नाही.

एचएसएन किती आकडी हवा, हे उलाढालीवर ठरतं. वर्षाला 5 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणीकृत खरेदीदाराच्या बिलावर चार आकडी पुरतो, त्यावर सहा आकडी लागतो. मालाचं वर्णन ऑर्डरमध्ये जसं आहे तसंच उतरवा. ऑर्डरमध्ये 'स्टील अल्मिरा, चार कप्पे' आणि तुमच्या बिलात 'गोदरेज कपाट', असं झालं तर शाळेवर माल उतरवून घेणारे मुख्याध्यापक कोणता कागद खरा मानतील? आपल्याकडे कुठल्याही लोखंडी कपाटाला गोदरेज म्हणायची सवय आहे, पण बिलात ते दुसऱ्या कंपनीचं नाव ठरतं.

पत्त्याच्या दोन जागा असतात. बिल कोणाच्या नावे आणि माल कोणाकडे. या ऑर्डरीत बिल घोडेगावच्या कार्यालयाच्या नावे, माल शाळेच्या पत्त्यावर. एकाच ऑर्डरीत तीन शाळा असतील, तर कोणत्या शाळेला किती नग हे ऑर्डरमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, आणि तुमचं बिलही तसंच वेगळं करणं सोयीचं जातं. एका शाळेने पोच दिली आणि दुसरीची राहिली, तरी पहिल्या बिलाचं काम अडून राहत नाही.

दुकान कॉम्पोझिशन योजनेत असेल, तर कर बीजक करायचंच नाही. तुम्हाला बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं, त्यात कर वेगळा दाखवता येत नाही, आणि तुम्ही कॉम्पोझिशनमध्ये असल्याने कर वसूल करू शकत नाही, हे वाक्य त्यावर छापावं लागतं. पोर्टलवर दर भरताना हे विसरलं की बिलाचा सगळा हिशेब चुकतो.

माल गाडीत चढवण्याआधी ई-वे बिल. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला ते एक लाख रुपयांवरच्या मालासाठी लागतं. ewaybillgst.gov.in वर ते मोफत निघतं. 20 कपाटं एका फेरीत जात नाहीत, म्हणून समजा दहा-दहाच्या दोन फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीचं वेगळं बिल केलं, 1,65,200 रुपयांचं. तरी प्रत्येक बिल लाखाच्या वरच आहे, म्हणून दोन ई-वे बिलं काढायची. ई-वे बिलात माल उतरवायचा पत्ता शाळेचा टाका, कार्यालयाचा नाही. गाडी डिंभ्याच्या पुढे घाटरस्त्यावर असताना कुणी कागद तपासले आणि उतरवायचं ठिकाण घोडेगाव लिहिलेलं निघालं, तर उत्तर द्यायला ड्रायव्हर एकटाच असतो.

टेम्पो आणि हमाली तुमच्या खिशातून जाते, कारण दरात पोच धरलेली आहे. दर भरण्याआधी ऑर्डरमधली गावं वाचा. घोडेगावात माल देणं आणि आहुप्याला देणं यांत भाड्याचा फरक मोठा आहे, आणि पावसाळ्यात तर टेम्पोवाला वेगळाच भाव सांगतो. आपल्या उदाहरणात दोन फेऱ्यांचं भाडं 7,000 आणि हमाली 2,000 धरू. हे 9,000 रुपये आपल्या नफ्यातून जातात.

माल उतरला की काम संपलं असं वाटतं, पण पैशाची वाट इथूनच सुरू होते. माल मिळाल्याची पहिली पोच, जिला पीआरसी म्हणतात, खरेदीदाराने 48 तासांत पोर्टलवर द्यायची असते. मग तपासणी करून माल स्वीकारल्याचा दाखला, ज्याला सगळे 'क्रॅक' म्हणतात, तो दहा दिवसांत. आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. कागदावर ही मुदत अशी आहे. पण शाळेवर नेट नसतं, मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असतात, लॉगिन दुसऱ्याकडे असतं. म्हणून माल देताना चलनाच्या दोन प्रती न्या. एकीवर नग, तारीख, शिक्का आणि सही घ्या, आणि साठा नोंदवहीत नोंद झाली का हे तिथेच विचारा. बिल कोषागारात जाताना नोंदवहीचं पान आणि नोंद क्रमांक मागितला जातोच. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. दोन दिवसांत पोच दिसली नाही तर कार्यालयात जाऊन शांतपणे सांगा की मालाची पोच चढवायची राहिली आहे. महिन्याने सांगितलं तर तोपर्यंत सही कुणाची होती, हे आठवायला लागतं.

दिलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला अर्धा टक्का दंड लागतो, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. आठवड्यातला एक दिवसही पूर्ण आठवडा धरला जातो. 1,65,200 च्या एका फेरीला आठ दिवस उशीर झाला, तर दोन आठवड्यांचा दंड, म्हणजे 1,652 रुपये.

पैसे हातात पडतात तेव्हा ते बिलापेक्षा कमी असतात, आणि बरेच दुकानदार इथे घाबरतात. करार 2,50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, कर वगळून, तर सरकारी कार्यालय मूळ किमतीवर दोन टक्के जीएसटी टीडीएस कापतं. 1 ऑक्टोबर 2018 पासून हा नियम आहे. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मर्यादा करारावर पाहिली जाते, बिलावर नाही. आपली दोन्ही बिलं मूळ किमतीत 1,40,000 ची आहेत, पण करार 2,80,000 चा, म्हणून दोन्हींवर कापणी होणार. 2,80,000 चे दोन टक्के 5,600. तुमच्या खात्यात येतात 3,24,800.

ते 5,600 बुडालेले नाहीत. कार्यालयाने आपलं जीएसटी विवरण भरलं की ती रक्कम तुमच्या जीएसटी पोर्टलवर दिसते, तुम्ही ती स्वीकारायची असते आणि मग ती तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होते. पुढच्या महिन्याचा कर भरायला ती चालते. न स्वीकारता तशीच पडू देणं म्हणजे 5,600 रुपये विसरून जाणं. विवरणात कार्यालय तुमचा जीएसटी क्रमांक हाताने भरतं, म्हणून बिलावरचा क्रमांक ठळक छापा. एक अक्षर चुकलं तर रक्कम तुमच्या लेजरमध्ये येत नाही आणि विवरण दुरुस्त होईपर्यंत कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

आता सगळा हिशेब. विक्रीवरचा कर 50,400, खरेदीवर आधीच दिलेला 43,200, म्हणून भरायचा फरक 7,200. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याने तो बिलाच्या पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, सरकारकडून पैसे आले असोत वा नसोत. नफा 40,000. त्यातून भाडं-हमाली 9,000 गेली, उरले 31,000. माल घेताना तुमचे 2,83,200 रुपये गुंतले. बँकेचं किंवा सावकाराचं व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तर महिन्याला 2,832. पैसे महिन्यात आले तर हाती 28,000 च्या वर राहतात. बिल दोनदा परत फिरलं आणि चार महिने लागले, तर व्याजच 11,328 रुपये होतं आणि उरतात 20,000 च्या आत. दोन पैशांच्या फरकाची किंमत अशी असते.

पैसे उशिरा आले तर व्याज मागता येतं का? सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात त्याची तरतूद आहे. करारात काही मुदत असली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि पुढे बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढीने व्याज. पण ही तरतूद उत्पादकांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. केवळ घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला उद्यम प्रमाणपत्र मिळतं, ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. मंचरला स्वतः कपाटं बनवणारा फॅब्रिकेटर हे व्याज मागू शकतो, त्याच्याकडून घेऊन विकणारा घोडेगावचा दुकानदार नाही. उद्यम प्रमाणपत्र दाखवून दुकानदाराला कुणी उशिराच्या व्याजाची खात्री देत असेल, तर ती मानू नका.

मार्चची वेगळी गोष्ट. सरकारी अनुदान 31 मार्चला संपतं. ऑर्डर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात आली, तर माल तुम्ही वेळेत दिला तरी पोच, दाखला आणि कोषागाराचं बिल या तीन गोष्टी त्याच पंधरा दिवसांत बसवाव्या लागतात. एक जरी एप्रिलवर गेली, तर पुढच्या वर्षाचं अनुदान येईपर्यंत थांबावं लागतं. दुकानाचं भांडवल आधीच ताणलेलं असेल, तर अशी ऑर्डर नाकारलेली बरी.

ऑर्डर खरी आहे का, हेही पाहा. जेमच्या कराराचा क्रमांक `GEMC-` ने सुरू होतो आणि तो तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसायला हवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफच्या भरवशावर माल पाठवू नका, आणि ऑर्डर पक्की करण्यासाठी कुणाच्या खात्यावर आगाऊ रक्कम मागितली तर ती देऊ नका. आणि प्रत्येक बिल पोर्टलवर चढवण्याआधी ऑर्डर शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचा: नाव, क्रमांक, तारीख, नग, दर, बेरीज. एका वाचनाला पाच मिनिटं लागतात.